घंटा कोणाच्या हाती? शिक्षकांच्या मुलाखतींचे आशयसूत्र-विश्लेषण कसे लिहावे

आठ शिक्षकांच्या मुलाखती घेऊन झाल्या आहेत, प्रत्येक मुलाखत पाऊण तासाची आहे, त्यांचे शब्दांकन पूर्ण झाले आहे आणि टेबलावर सव्वाशे पाने पडली आहेत. शिक्षणशास्त्राच्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांपैकी बरेच जण नेमके इथे अडतात. संशोधन पद्धतीच्या तासाला ‘थीमॅटिक ॲनालिसिस’, म्हणजेच आशयसूत्र-विश्लेषण, हे नाव त्यांनी ऐकलेले असते आणि त्याच्या सहा पायऱ्याही पाठ असतात, पण या सव्वाशे पानांतून चौथे प्रकरण कसे उभे करायचे, हे कोणी हात धरून दाखवलेले नसते. मग प्रश्नावलीतील प्रत्येक प्रश्नाचे एक शीर्षक होते, त्याखाली तीन-चार अवतरणे येतात आणि प्रकरण संपते. असे प्रबंध वाचताना मला त्या शिक्षकांबद्दल वाईट वाटते, कारण त्यांनी सांगितलेले बरेच काही पानांवर असूनही वाचले गेलेले नसते.

म्हणून या लेखात एकच उदाहरण सुरुवातीपासून शेवटपर्यंत नेले आहे. अभ्यासाचा विषय आहे जिल्हा परिषदेच्या द्विशिक्षकी प्राथमिक शाळा. शिक्षणाचा हक्क कायदा, २००९ च्या अनुसूचीप्रमाणे पहिली ते पाचवीच्या शाळेत साठपर्यंत मुले असतील तर दोन शिक्षक द्यायचे असतात. दोन शिक्षक आणि पाच इयत्ता असे गणित झाले की बहुवर्ग अध्यापन अटळ होते, आणि त्या दोघांपैकी एकाकडे बहुधा मुख्याध्यापकाचा प्रभारही असतो. आपला संशोधन प्रश्न असा धरू: ‘द्विशिक्षकी शाळेतील शिक्षक आपला शाळेतील वेळ कसा अनुभवतात आणि त्याचा अर्थ कसा लावतात?’ एक गोष्ट आधीच स्पष्ट करतो. पुढील आठ शिक्षक आणि त्यांची वाक्ये पद्धत समजावण्यासाठी मी रचली आहेत. ती कोणा खऱ्या व्यक्तीची नाहीत आणि त्यांवरून द्विशिक्षकी शाळांबद्दल कोणताही निष्कर्ष काढू नये.

पद्धतीबद्दल आधी थोडक्यात. आज जगभर जे आशयसूत्र-विश्लेषण शिकवले जाते, त्याची सर्वांत परिचित मांडणी व्हर्जिनिया ब्राउन आणि व्हिक्टोरिया क्लार्क या दोन मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये केली. सामग्रीशी परिचय, मजकुराच्या तुकड्यांना त्यांतला मुद्दा सांगणारी छोटी नावे म्हणजे प्राथमिक कोड देणे, आशयसूत्रे शोधणे, ती तपासणे, त्यांची व्याख्या व नावे ठरवणे आणि शेवटी लेखन, अशा त्या सहा पायऱ्या आहेत. पुढे त्यांनीच तिसऱ्या पायरीतील ‘शोधणे’ हा शब्द बदलला, कारण शोधायचे म्हटले की आशयसूत्रे मजकुरात आधीच पुरून ठेवलेली आहेत आणि आपण फक्त ती उकरून काढायची आहेत, असा समज होतो. त्यांच्या मते आशयसूत्र संशोधक बांधतो. मजकूर, संशोधन प्रश्न आणि संशोधकाची स्वतःची जाण या तिन्हींतून ते घडते. त्यामुळे ‘मुलाखतींतून पुढील आशयसूत्रे आपोआप पुढे आली’ हे वाक्य प्रबंधात दिसले की समजावे, लेखकाने आपण केलेले काम लपवले आहे. ते लपवण्यामागे बहुधा संकोच असतो, पण वाचणाऱ्याला नेमके तेच काम पाहायचे असते.

शब्दांकन आणि पहिले वाचन

शब्दांकनाचे काम वेळखाऊ असते. एका तासाच्या ध्वनिमुद्रणाला चार-सहा तास सहज जातात, आणि कामाचा हा भाग दुसऱ्याकडून करून घेण्याचा मोह होतो. शक्य असेल तर तो टाळावा, कारण ऐकत लिहिताना जे कानावर पडते ते कागदावरून पुन्हा मिळत नाही. बोलणाऱ्याची भाषा सुधारू नये. शिक्षिका ‘म्हणलं’ म्हणाली तर ‘म्हटले’ करू नये, आणि ती मधेच थांबली असेल तर थांबल्याची नोंद करावी. त्यानंतर सर्व मुलाखती किमान दोनदा वाचाव्यात आणि दुसऱ्या वाचनाच्या वेळी शेजारी वही ठेवावी. या टप्प्यावर कोड द्यायचे नसतात, तर जे खटकते, जे पुन्हा पुन्हा येते, जे अनपेक्षित वाटते, ते स्वतःच्या शब्दांत टिपायचे असते.

आता तिसऱ्या शिक्षिकेच्या मुलाखतीतील हा उतारा पाहा. तिची अकरा वर्षे सेवा झाली आहे आणि प्रभार तिच्याकडे आहे. ‘कालचा दिवस कसा गेला ते सांगाल का?’ या प्रश्नावर ती म्हणते:

> “कालचा ना? काल तसं… (थांबून) काल सर नव्हते, त्यांचं प्रशिक्षण होतं तालुक्याला. म्हणजे पाचही वर्ग माझ्याकडेच. पहिलीला अक्षरं गिरवायला दिली, चौथी-पाचवीला म्हणलं एकमेकांना वाचून दाखवा. तेवढ्यात ग्रुपवर मेसेज आला, आधारची माहिती बारापर्यंत द्या. मग ती भरत बसले. रेंज दारातच येते, म्हणून दारात उभं राहून भरली. मुलं गप्प होती, तसं काही त्रास नाही दिला. पण मुलं गप्प आहेत म्हणजे शिकतायत असं नाही ना. दुपारनंतर खरं शिकवलं, एक तास. तो तास मात्र माझा होता.”

कोड देताना

नवख्या संशोधकाने या उताऱ्याला दिलेले कोड बहुधा असे असतात: ‘अशैक्षणिक कामे’, ‘बहुवर्ग अध्यापन’, ‘वेळेचा अभाव’. हे तिन्ही कोड चुकीचे नाहीत, पण निकामी आहेत. उतारा झाकून फक्त कोड वाचला तर शिक्षिका काय म्हणाली याचा पत्ता लागत नाही. हे तीन शब्द मुलाखत घेण्यापूर्वीच आपल्याला माहीत होते. कोडची साधी परीक्षा हीच आहे की मूळ वाक्य समोर नसतानाही त्यातला मुद्दा कोडमधून कळला पाहिजे. त्यासाठी कोड एका शब्दाचा न ठेवता छोट्या वाक्प्रयोगाइतका ठेवावा, आणि शक्य तिथे त्यात क्रियापद असावे.

त्याच उताऱ्याला मी असे कोड देईन:

“पाचही वर्ग माझ्याकडेच”: सहकारी नसला की पाच इयत्ता एकटीवर येतात
“गिरवायला दिली… वाचून दाखवा”: काम देऊन वर्ग गुंतवून ठेवणे
“बारापर्यंत द्या”: बाहेरून आलेली मुदत वर्ग थांबवते
“दारात उभं राहून भरली”: शरीराने वर्गाच्या उंबऱ्यावर असणे
“गप्प आहेत म्हणजे शिकतायत असं नाही”: शांतता हा शिकण्याचा पुरावा मानत नाही
“खरं शिकवलं, एक तास”: दिवसातील ‘खरे’ शिकवणे वेगळे काढून मोजणे
“तो तास मात्र माझा होता”: वेळेवर मालकी सांगणे

यांतील पहिले तीन कोड बोलण्याच्या पृष्ठभागावर आहेत, म्हणजे शिक्षिकेने जे उघड सांगितले तेवढेच ते टिपतात. शेवटचे दोन कोड एक पायरी खाली उतरतात. ‘खरं’ हा एवढासा शब्द सांगतो की सकाळी तिने जे केले ते तिच्या लेखी शिकवणे नव्हते, आणि ‘माझा’ हा शब्द सांगतो की उरलेला दिवस तिला परक्याचा वाटतो. असे अर्थ काढण्याचा संशोधकाला अधिकार आहे, पण त्याची किंमत अशी की कोणत्या शब्दावरून तो अर्थ काढला हे दाखवता आले पाहिजे. चौथा कोड मी बराच वेळ ठेवू की नको अशा विचारात होतो. दारात उभे राहणे हा रेंजमुळे घडलेला योगायोग असू शकतो आणि त्यात प्रतीक पाहणे हा माझा सोस असू शकतो. इतर मुलाखतींत तशी शारीरिक प्रतिमा पुन्हा आली नाही, म्हणून तो कोड पुढे गळला.

इथे भाषेचा एक प्रश्न उभा राहतो, जो मराठीत मुलाखती घेऊन इंग्रजीत प्रबंध लिहिणाऱ्यांनी विशेष सांभाळायचा आहे. कोड मूळ मराठी मजकुरावरच द्यावेत आणि भाषांतर अगदी शेवटी, अवतरणापुरतेच करावे. ‘मुलांना गुंतवून ठेवलं’ याचे भाषांतर सहज ‘एंगेज्ड’ असे होते, आणि शिक्षणाच्या इंग्रजी परिभाषेत तो शब्द कौतुकाचा आहे. तिथे त्याचा अर्थ मूल मन लावून शिकत होते असा होतो. आपल्या शिक्षिकेच्या तोंडी ‘गुंतवणे’ म्हणजे मुलांनी गोंधळ घालू नये म्हणून हाताला काम देणे. भाषांतरावर कोड दिला असता तर तिची तक्रार तिच्या यशात बदलली असती.

आठही मुलाखतींना अशा रीतीने कोड दिल्यावर समजा एकशे तीस कोड जमले. पुन्हा पहिल्या मुलाखतीपासून वाचत गेल्यावर त्यांतले बरेच एकमेकांत मिसळतात, काही टाकून द्यावे लागतात आणि साठ-सत्तर उरतात. कोड ठेवायला वही, रंगीत पेन्सिली, साधी स्प्रेडशीट किंवा एनव्हिवोसारखी आज्ञावली, काहीही चालते. साधन फक्त कप्पे पुरवते, आणि कोणता उतारा कोणत्या कप्प्यात का गेला, हे ठरवण्याचे काम आपलेच राहते.

कोडपासून आशयसूत्राकडे

पुढची चूक सर्वांत जास्त दिसते. कोडचे गठ्ठे बांधताना हात आपोआप ‘अडचणी’, ‘उपाययोजना’, ‘अपेक्षा’ अशा कप्प्यांकडे जातो. हे कप्पे म्हणजे विषय आहेत. ‘अडचणी’ या कप्प्यात रेंज, शौचालय, तांदळाचा हिशेब आणि पालकांची उदासीनता हे सगळे शेजारी बसू शकते, पण त्यांना एकत्र धरणारा अर्थ तिथे नसतो. आशयसूत्र म्हणजे अनेक जणांच्या बोलण्यातून जाणारा एक समान अर्थ, आणि त्याच्या केंद्रस्थानी एक कल्पना असते, जी पूर्ण वाक्यात सांगता येते. ‘वेळ’ हा विषय झाला. ‘शिक्षकाच्या लेखी शिकवणे म्हणजे इतर कामांतून उरलेला वेळ’ हे आशयसूत्र होऊ शकते, कारण ते खरे किंवा खोटे ठरू शकते.

पहिल्या फेरीत मी या उदाहरणासाठी तीन आशयसूत्रे मांडली होती. पहिले होते ‘शिकवणे म्हणजे उरलेला वेळ’. दुसरे होते ‘गुंतवलेली मुले आणि शिकणारी मुले’. तिसरे होते ‘मोठी मुले म्हणजे तिसरा शिक्षक’. तिन्ही कागदावर देखणी दिसत होती. पण तपासणीची पायरी याचसाठी असते की देखणे दिसणारे सूत्र सर्व मजकुरावर घासून पाहावे.

पहिल्या सूत्राखालचे सर्व उतारे सलग वाचले तेव्हा पाच शिक्षकांचे बोलणे त्यात नीट बसत होते. पहिला, चौथा आणि आठवा शिक्षक, आपली तिसरी शिक्षिका आणि सातवी शिक्षिका, हे सर्व जण मोडलेल्या तासाबद्दल बोलत होते. सहाव्या शिक्षकाने मात्र हे सांगितले होते:

> “दोनशिक्षकी शाळेचा फायदा कुणी बोलत नाही. माझ्या शाळेत घंटा मीच देतो. गणित रंगलं तर दोन तास चालतं, कोण विचारणार? मोठ्या शाळेत पस्तीस मिनिटं झाली की उठायचं. इथं मुलाला कळलं की मग पुढं.”

असा उतारा विश्लेषणात अनेकदा बळी जातो. ‘आठपैकी एकाने वेगळे मत मांडले’ असे एक वाक्य लिहून संशोधक पुढे सरकतो. पण विरोधात जाणारा उतारा ही या पद्धतीत मिळणारी सर्वांत मोलाची मदत आहे, कारण तो आपल्या सूत्राची हद्द कुठे संपते ते दाखवतो. सहाव्या शिक्षकाची शाळाही दोनशिक्षकी आहे, पाच वर्ग आहेत, वेळही तेवढाच आहे. तरी त्याला वेळ कमी पडतो असे तो एकदाही म्हणत नाही. म्हणजे प्रश्न वेळ किती आहे याचा नसावा. मग मी तिसऱ्या शिक्षिकेच्या ‘तो तास मात्र माझा होता’ या वाक्याकडे परत गेलो, आणि लक्षात आले की तीही वेळ पुरला नाही असे म्हणालेली नाही. दोघेही एकाच गोष्टीबद्दल बोलत आहेत, ती गमावलेली म्हणून आणि तो मिळालेली म्हणून: तास केव्हा सुरू होणार आणि केव्हा थांबणार, हे ठरवणार कोण?

या प्रश्नाने सर्व मुलाखती पुन्हा वाचल्यावर एक साधी बाब पुढे आली, जी प्रत्येक मुलाखतीच्या पहिल्या पानावर लिहिलेली असूनही मी वापरली नव्हती. मोडलेल्या तासाबद्दल बोलणाऱ्या त्या पाचही जणांकडे मुख्याध्यापकाचा प्रभार होता. सहाव्याकडे तो नव्हता. त्याच्या शाळेतील प्रभार सोबतच्या शिक्षिकेकडे होता, म्हणजे वरून येणारा फोन तिच्याकडे जात होता. त्याच्या दोन तासांच्या गणिताची किंमत कदाचित पलीकडच्या खोलीत दुसरे कोणी मोजत असेल. हे ‘कदाचित’ मी जाणीवपूर्वक लिहितो आहे, कारण त्या शिक्षिकेची मुलाखत आपल्याकडे नाही.

इथेच थांबलो असतो तर ‘प्रभार असणारे आणि नसणारे’ अशी सोपी विभागणी हाती आली असती. पाचव्या शिक्षकाने ती होऊ दिली नाही. त्याच्याकडे प्रभार नव्हता, पण मतदार यादीचे बीएलओचे काम होते, आणि त्याचे बोलणे त्या पाच प्रभारी शिक्षकांसारखेच होते: “प्रभार मॅडमकडं आहे, पण फोन मलाही येतातच. यादीचं काम निघालं की माझा वर्ग माझा राहत नाही.” दुसऱ्या शिक्षिकेकडे प्रभारही नव्हता आणि दुसरे कामही नव्हते, तरी ती म्हणाली, “सर फोनवर गेले की त्यांची दोन वर्गं माझ्याकडं सरकतात. मग माझं जे चाललंय ते तिथंच.” त्यामुळे सूत्राचे केंद्र पदावरून सरकून असे झाले: बाहेरच्या मागणीला ज्याने उत्तर द्यायचे असते त्याच्या हातून वर्गाची घंटा सुटते, आणि दोनच शिक्षक असल्यामुळे त्याचा धक्का दुसऱ्यालाही बसतो. नाव ठेवले ‘घंटा कोणाच्या हाती’. सहाव्या शिक्षकाचाच शब्द घेतल्यामुळे ते नाव मुलाखतींशी बांधलेलेही राहिले.

तिसरे आशयसूत्र तपासणीत टिकले नाही. मोठी मुले लहानांना शिकवतात हे चार जणांनी सांगितले होते, पण त्यांच्या सांगण्यात एक समान अर्थ नव्हता. तिसऱ्या शिक्षिकेच्या लेखी ती वर्ग शांत ठेवण्याची सोय होती. पहिल्या शिक्षकाचे म्हणणे मात्र असे होते: “पहिलीतली दोन पोरं माझ्यापेक्षा पाचवीतल्या एका मुलीकडनं लवकर वाचायला शिकली. ती चुकलं की लगेच धरते, मला एकाच वेळी पाच ठिकाणी बघता येत नाही.” आणि सातवी शिक्षिका मुलांच्या वह्यांबद्दल म्हणाली होती: “वही भरलेली दिसली की पालक खूश, तपासणीला आलेले साहेबही खूश. मला माहीत असतं, ते फळ्यावरचं उतरवलंय फक्त. कुठं चुकलं ते बघायला मी तिथं नव्हते.”

ही दोन अवतरणे शेजारी ठेवली तेव्हा दुसऱ्या सूत्राला त्याचे केंद्र मिळाले. शिक्षक ‘गुंतवणे’ आणि ‘शिकवणे’ यांत जी रेघ ओढतात, ती चूक घडताना कोणाच्या तरी नजरेस पडते की नाही, यावर ओढतात. नजर पाचवीतल्या मुलीची असली तरी पहिला शिक्षक त्याला शिकणे म्हणतो, आणि नजरच नसेल तर भरलेली वहीही सातव्या शिक्षिकेला शिकण्याचा पुरावा वाटत नाही. ‘तिसरा शिक्षक’ हे सूत्र या दुसऱ्या सूत्रात विरघळले. शेवटी उरली दोन आशयसूत्रे. आठ मुलाखतींच्या प्रबंधाला तेवढी पुरतात, आणि सात-आठ सूत्रांची यादी दिसली तर ती बहुधा विषयांचीच यादी असते, असा माझा अनुभव आहे.

लिहिताना अवतरणाला काम द्यायचे

आता लेखन. नेहमी दिसणारा परिच्छेद असा असतो: ‘बहुसंख्य शिक्षकांना अशैक्षणिक कामांचा त्रास होतो असे दिसून आले. उदाहरणार्थ…’ आणि पुढे चार अवतरणे ओळीने. यात विश्लेषण कुठेच नाही. अवतरणे मांडून ठेवली आहेत आणि त्यांचा अर्थ लावण्याचे काम वाचकावर सोडले आहे. त्याऐवजी पहिल्या आशयसूत्राचा परिच्छेद मी असा लिहीन:

> वेळेबद्दल बोलताना सहभागी शिक्षकांचा भर वेळ किती मिळतो यापेक्षा तो कोण ठरवतो यावर होता. शिक्षिका ३ यांनी दुपारनंतरच्या एका तासाचे वर्णन “तो तास मात्र माझा होता” असे केले. त्यातील ‘मात्र’ हा शब्द सकाळचा वेळ त्यांच्या मालकीचा नव्हता हे सूचित करतो, आणि त्याच तासाला त्या “खरं शिकवलं” असे म्हणतात, म्हणजे मालकीचा वेळ आणि खरे अध्यापन त्यांच्या बोलण्यात एकच आहेत. ज्यांच्याकडे प्रभार नव्हता त्या शिक्षक ६ यांनी हाच संबंध उलट बाजूने मांडला: “माझ्या शाळेत घंटा मीच देतो… इथं मुलाला कळलं की मग पुढं.” त्यांच्यासाठी द्विशिक्षकी शाळा ही उणीव नसून तासिकेच्या बंधनातून मिळालेली मोकळीक आहे. ही मोकळीक दोन्ही शिक्षकांना एकाच वेळी मिळतेच असे नाही, हे शिक्षिका २ यांच्या अनुभवातून दिसते. सहकारी बाहेरच्या कामात गेला की त्याचे वर्ग त्यांच्याकडे “सरकतात” आणि त्यांचे चालू अध्यापन “तिथंच” थांबते.

या परिच्छेदात प्रत्येक अवतरण वाक्याच्या आत आहे आणि त्याच्या मागे किंवा पुढे लेखकाने त्यातील एखाद्या शब्दावर बोट ठेवले आहे. अवतरण काढून टाकले तर युक्तिवाद तुटतो. तसे होत नसेल तर ते अवतरण नुसती सजावट आहे असे समजावे. लिहून झाल्यावर आणखी एक पडताळा घ्यावा: प्रत्येक अवतरणापुढे शिक्षकाचा क्रमांक मांडून मोजावे. तिसरी शिक्षिका छान बोलते म्हणून तिचीच सहा अवतरणे येतात आणि आठवा शिक्षक एकदाही येत नाही, असे फार सहज घडते. वरील परिच्छेदातही आठवा शिक्षक नाही. म्हणून पुढच्या परिच्छेदात त्याला आणावे लागेल, आणि त्याचे बोलणे तिथे बसत नसेल तर सूत्रच पुन्हा पाहावे लागेल.

आकड्यांबद्दलही इथेच सांगतो. ‘पाचपैकी पाच प्रभारी शिक्षकांनी’ असे लिहायला हरकत नाही, कारण वाचकाला आधार किती आहे ते कळते. ‘६२.५ टक्के शिक्षकांना’ असे लिहू नये. आठ जणांची टक्केवारी काढली की ते आठ जण सर्व द्विशिक्षकी शाळांचे प्रतिनिधी आहेत असा भास होतो, आणि त्यांची निवड त्यासाठी झालेलीच नव्हती. दोन स्वतंत्र व्यक्तींनी कोड देऊन त्यांच्यातील सहमतीचा कॅपा गुणांक काढण्याची पद्धतही काही अभ्यासांत असते. ती आधीच ठरवलेल्या कोड-पुस्तिकेसोबत शोभते, जिथे कोड म्हणजे मोजायची खूण असते. वर दाखवलेल्या चिंतनशील पद्धतीत कोड वाचनागणिक बदलत गेले आहेत, त्यामुळे तो गुणांक इथे जोडून दिला तर दोन वेगळ्या पद्धतींची गल्लत होते. मार्गदर्शकाने आग्रह धरला तर दुसऱ्या व्यक्तीला आपले कोड वाचायला द्यावेत, आणि जिथे तिचे वाचन वेगळे पडते तिथली चर्चा लिहावी. त्यातून सूत्र अधिक घट्ट होते.

शेवटची फेरी गोपनीयतेची असते. नाव काढून क्रमांक दिला की काम झाले असे मानले जाते, पण द्विशिक्षकी शाळेच्या बाबतीत ते पुरत नाही. केंद्रातील शिक्षक एकमेकांना ओळखतात, केंद्रप्रमुख सर्वांना ओळखतात, आणि ‘अकरा वर्षे सेवा, प्रभार असलेली शिक्षिका, शाळेत रेंज फक्त दारात’ एवढे वाचले की ती कोण हे त्या भागातील कुणालाही कळेल. तिने बारा वाजेपर्यंत वर्ग सोडून माहिती भरल्याचे सांगितले आहे, आणि ते उद्या तिच्याविरुद्ध वापरले जाऊ शकते. म्हणून अंतिम मसुद्यात सेवेची वर्षे ‘दहापेक्षा अधिक’ अशी ढोबळ केली, तारीख आणि माहितीचा प्रकार वगळला, आणि रेंजचे वाक्य तीन टिंबांनी काढून टाकले. ते वाक्य मला फार आवडले होते. पण त्यावर उभा असलेला कोड आधीच गळाला होता, त्यामुळे ते गेल्याने विश्लेषणाचे काहीच अडले नाही.